घसरलेल्या सत्राचं काय लिहू?

प्रश्न : ग्वाल्हेरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिसऱ्या सत्रात काविळीमुळे एसजीपीए ७.६ वरून ५.९ वर आला, गणितही राहिलं. चौथ्यात ७.८ मिळाले आणि गणित सुटलं. शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टने नूतनीकरणासाठी एक पानी निवेदन मागितलंय. आजारपण लिहावं का?
– एक विद्यार्थिनी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : जरूर लिहा, पण पहिल्या परिच्छेदात नको. सुरुवात चारही सत्रांच्या आकड्यांनी करा, ५.९ सुद्धा तिथेच द्या. गुणपत्रिका सोबत जोडलेली असते. लपवलेला आकडा समितीला तिथे दिसला की बाकीच्या पानावरचा विश्वासही जातो.

मग आजारपण चार ओळींत : 'सप्टेंबरमध्ये काविळीमुळे तीन आठवडे वर्ग बुडाले आणि गणिताची मध्यसत्र परीक्षा हुकली. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं आहे. चौथ्या सत्रात गणिताची पुनर्परीक्षा उत्तीर्ण झाले.' तारखा प्रमाणपत्राशी तंतोतंत जुळू द्या. 'घरच्या अडचणींमुळे' असं मोघम लिहिलेलं मला सर्वांत कमकुवत वाटतं, कारण त्यातून नेमकं काय बुडालं ते कळतच नाही.

उरलेलं निम्मं पान चौथ्या सत्राला द्या. बुडालेला भाग कसा भरून काढला, प्रयोगशाळेत काय केलं, पुढच्या सत्रात कोणते विषय आहेत, हे लिहा.

एक मात्र ध्यानात ठेवा. केंद्र सरकारच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीत नूतनीकरणाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. तिथे निवेदनाने अट शिथिल होत नाही. म्हणून ट्रस्टचं नियमपत्रक आधी वाचा. किमान सीजीपीए दिला असेल, तर तुमचा आकडा पहिल्याच ओळीत लिहा.