नियोजित सासूबाईंस पहिले पत्र

(द्वितीय वर्ष कला)

माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला आठ दिवस उरले असताना ती वही-पेन घेऊन माझ्याकडे आली. "तू कॉलेजात आहेस, सासूबाईंना पत्राचा मायना काय लिहायचा ते सांग," म्हणाली. फोन होता; पण तिकडचा फोन घरात चारचौघांत घेतला जाई, आणि जे विचारायचे ते चारचौघांत विचारण्याजोगे नव्हते. तिच्या सासूबाई विधवा होत्या. गृहप्रवेशाच्या वेळी उंबरठ्यावर आपल्याला त्यांनीच ओवाळावे, अशी तिची इच्छा होती.

पहिली अडचण मायन्याची. पत्रलेखनाच्या रूढ संकेताप्रमाणे 'तीर्थरूप' हे सख्ख्या आईवडिलांस लिहितात व इतर वडीलधाऱ्यांस 'तीर्थस्वरूप'. तेव्हा येथे 'तीर्थस्वरूप' योग्य. मात्र तो शब्द पूर्ण लिहावा. 'ती. स्व.' असे लिहिल्यास 'स्व.' म्हणजे स्वर्गीय, असा समज होण्याची भीती! नावाआधी 'गं. भा.' लिहावे काय? 'गंगा भागीरथी' हे विधवेसाठी आदरार्थी म्हणून रूढ झाले खरे. परंतु पत्राच्या पहिल्याच ओळीत ते त्या बाईला तिच्या वैधव्याची आठवण देते. आम्ही ते गाळले.

पुढे संबोधन. 'आई' लिहिणे तिला घाईचे वाटले. आपल्या भागात अनेक घरी सुना सासूला 'आत्या' म्हणतात. मुलाने मामाची मुलगी करावी, ही महाराष्ट्रातील अनेक जातींची जुनी पसंती इरावती कर्वे यांनी आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात (१९५३) नोंदवली आहे. अशा लग्नात सासू ही मुळातच आत्या असते. नाते नसलेल्या घरीही हा शब्द चालतो. त्याचा फायदा असा, की तो लग्नाची वाट पाहत नाही. म्हणून मायना ठरला : 'तीर्थस्वरूप आत्या यांना साष्टांग नमस्कार.'

आता मजकूर. पहिल्या खर्ड्यात तिने लिहिले होते, 'तुम्ही विधवा असलात तरी मला चालेल, तुम्हीच ओवाळा.' वाक्यातला हेतू चांगला, पण 'तरी' आणि 'चालेल' हे दोन शब्द घातक. त्यांतून सून उपकार करते आहे, असा अर्थ निघतो. दुसऱ्या खर्ड्यात आम्ही वैधव्याचा उल्लेखच काढला व विनंती उलट बाजूने मांडली :

'मी तुमच्या घरी येणार, तेव्हा दारात तुम्ही असाव्यात असे मला फार वाटते. भाकरतुकडा तुमच्या हाताने ओवाळून टाकावा. तुमच्या मनाला अवघड वाटत असेल तर आग्रह नाही; आत आल्यावर प्रथम तुमच्याच पाया पडेन.'

शेवटचे वाक्य आवश्यक होते. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. पण ठराव गावाचा असतो. ताट हातात घेणाऱ्या बाईला जावा-नणंदांच्या नजरेपुढे उभे राहायचे असते. तिला नाही म्हणण्याची वाट ठेवली नाही, तर विनंतीची सक्ती होते.

पत्र एक पानाचे, मोठ्या अक्षरात लिहिले. सासूबाईंना ते दुसऱ्या कोणी वाचून दाखवण्याचा संभव होता. म्हणून तिसऱ्याच्या कानावर गेल्यास त्यांना ओशाळे वाटेल, असे एकही वाक्य त्यात ठेवले नाही. आठ दिवस आधी पाठवण्याचे कारणही साधे. ओवाळणार कोण, हे लग्नघरात आधीच ठरून जाते; नंतरचे पत्र म्हणजे ठरलेल्या बाईचा अपमान.

राहिली सही. 'आपली सून' असे ती लिहू पाहत होती. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे, जेथे सप्तपदीचा विधी आहे तेथे सातवे पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण होतो. तेव्हा आठ दिवस आधी ती सून नव्हती. 'सौ.' तर नाहीच, आणि 'चि. सौ. कां.' हे लग्नपत्रिकेत इतरांनी वधूला लावायचे, तिने स्वतःला नव्हे. शेवटी तिने 'आपली' लिहून खाली नुसते आपले नाव लिहिले. त्या तारखेला तेवढेच खरे होते.

पत्र तिचा भाऊ हाती देऊन आला. लेखी उत्तर आले नाही. लग्नादिवशी वरात दारात पोचली, तेव्हा सासूबाई उंबरठ्याच्या आत उभ्या होत्या. कुंकू थोरल्या जाऊबाईंनी लावले. भाकरतुकडा मात्र सासूबाईंनी पुढे होऊन स्वतःच्या हाताने ओवाळला व बाहेर टाकला. मग माप ओलांडून माझी बहीण आत गेली.