दामदुप्पट होण्यास किती वर्षे? : बहात्तराच्या नियमाचा पाठ

(इयत्ता ८ वी, गणित. घटक : चक्रवाढ व्याज. तासिका : दोन)

पाठाचा उद्देश. चक्रवाढ व्याजाचे सूत्र विद्यार्थी पाठ करतात व त्याने रास काढतात. परंतु “ही रक्कम दुप्पट केव्हा होईल?” असा प्रश्न विचारला की ते थांबतात, कारण या प्रश्नात मुदतच अज्ञात असते आणि ती काढण्याचे साधन या इयत्तेत शिकविलेले नसते. टपाल कार्यालयात, बाजारात आणि सावकाराच्या ओट्यावर मात्र हाच प्रश्न विचारला जातो. त्याचे अंदाजी उत्तर तोंडी काढता यावे, ते कोठे लागू पडते व कोठे फसवते हे कळावे, हा या पाठाचा उद्देश आहे.

पूर्वज्ञान. सरळ व्याज, शतमान व दशांश अपूर्णांक यांची उजळणी करून घ्यावी.

नियम. दरसाल दर शेकडा जो दर असेल त्याने ७२ ला भागावे. येणारा भागाकार म्हणजे मुद्दल दुप्पट होण्यास लागणारी अंदाजी वर्षे होत. इटालियन गणिती लुका पाचोली याने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या गणितग्रंथात हा नियम दिला आहे. परंतु त्याची उपपत्ती तेथे दिलेली नाही. वर्गात मात्र नियम आधी सांगू नये. तो फळ्यावरच्या आकड्यांतून निघू द्यावा.

पहिली पायरी : फळ्यावरील हिशोब. १०,००० रुपये दरसाल ८ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले असे मानावे. वर्गातील प्रत्येक रांगेने एकेक वर्षाचा हिशोब करून तो पुढच्या रांगेकडे द्यावा. पहिल्या वर्षाअखेर १०,८००, दुसऱ्या वर्षाअखेर ११,६६४, तिसऱ्या वर्षाअखेर सुमारे १२,५९७ रुपये होतात. याप्रमाणे पुढे गेल्यास आठव्या वर्षाअखेर १८,५०९ आणि नवव्या वर्षाअखेर १९,९९० रुपये होतात. वीस हजारांस अवघे दहा रुपये कमी पडले! आता ७२ ला ८ ने भागण्यास सांगावे. उत्तर ९ येते. इतक्या श्रमाने काढलेले उत्तर एका भागाकारात मिळाले, हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहिल्यावरच नियमाचे नाव सांगावे.

दुसरी पायरी : ७२ हीच संख्या का? हा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारतोच, आणि त्याला टाळू नये. उत्तर सरळ व्याजापासून सुरू करावे. सरळ व्याजाने ८ टक्के दराने दरवर्षी ८०० रुपयेच मिळतात, म्हणून दहा हजारांचे वीस हजार होण्यास साडेबारा वर्षे लागतात. येथे दर आणि वर्षे यांचा गुणाकार १०० येतो. दर कोणताही घेतला तरी सरळ व्याजात तो १०० च येतो. चक्रवाढीत व्याजावरही व्याज मिळते, त्यामुळे मुदत कमी होते आणि गुणाकार १०० वरून खाली येतो. ८ टक्क्यांच्या आसपास तो जवळजवळ ७२ असतो.

हा गुणाकार सर्व दरांना सारखाच राहत नाही. २ टक्के दराने रक्कम दुप्पट होण्यास ३५ वर्षे लागतात, म्हणजे गुणाकार ७० येतो. २४ टक्के दराने सुमारे सव्वातीन वर्षे लागतात व गुणाकार ७७ च्या पुढे जातो. १०० टक्के दराने एकाच वर्षात रक्कम दुप्पट होते. तेथे गुणाकार पुन्हा १०० होतो. असे का व्हावे? व्याज मुद्दलात मिळते ते वर्षाअखेर. दुप्पट होण्यापूर्वी जितकी अधिक वर्षअखेरी येतील तितकी व्याजावर व्याज चढण्याची संधी अधिक. एकाच वर्षात दुप्पट होणाऱ्या रकमेला ती संधी मुळीच मिळत नाही, म्हणून तेथे चक्रवाढ व सरळ व्याज एकच होते. यावरून नियमाची मर्यादा आपोआप स्पष्ट होते : साधारणतः ४ ते १२ टक्के दरांना त्यावर निर्धास्तपणे विसंबावे; दर याहून बराच मोठा असल्यास खरी मुदत नियमाने काढलेल्या मुदतीपेक्षा जास्त असते. शिवाय ७२ ला २, ३, ४, ६, ८, ९ व १२ या संख्यांनी निःशेष भाग जातो, ही तोंडी हिशोबाची मोठीच सोय आहे.

तिसरी पायरी : टपाल कार्यालयातील उदाहरण. किसान विकास पत्र ही योजना या पाठासाठी विशेष उपयोगी आहे, कारण तिच्यात रक्कम दुप्पट होण्याची मुदतच जाहीर केलेली असते. नियमाचे उत्तर विद्यार्थ्यांना सरकारी आकड्याशी ताडून पाहता येते. १ एप्रिल २०२३ पासून या पत्राचा दर ७.५ टक्के व मुदत ११५ महिने ठरविण्यात आली. पारशिवनीच्या एखाद्या शेतकऱ्याने कापूस विकून हाती आलेल्या पैशांतून १०,००० रुपये त्या दराने गुंतविले असे समजू.

७२ ला ७.५ ने भागल्यास ९.६ येते. येथे वर्गातील निम्मे विद्यार्थी “नऊ वर्षे सहा महिने” असे उत्तर देतात. ही चूक अगदी सार्वत्रिक आहे व ती तेथेच सुधारावी : ०.६ वर्ष म्हणजे सहा महिने नव्हेत, तर १२ चे ०.६ पट, म्हणजे ७.२ महिने. म्हणून उत्तर नऊ वर्षे व सुमारे सात महिने, अर्थात ११५ महिने.

आता पूर्ण हिशोबाने पडताळा घ्यावा. नवव्या वर्षाअखेर १९,१७२ रुपये होतात. वीस हजारांस ८२८ रुपये कमी आहेत. दहाव्या वर्षाचे पूर्ण व्याज १,४३८ रुपये होईल. तेव्हा ८२८ रुपये मिळण्यास किती महिने लागतील? ८२८ ला १२ ने गुणून १,४३८ ने भागले असता ६.९ महिने येतात. दोन्ही रीतींनी उत्तर एकच आले.

याच योजनेच्या मागील मुदती घेतल्यास नियम कोठे किती ढळतो हेही दिसते. २०१४ साली योजना पुन्हा सुरू झाली तेव्हा दर ८.७ टक्के व मुदत १०० महिने होती; नियमाने ९९ महिने येतात. एप्रिल २०२० मध्ये दर ६.९ टक्के व मुदत १२४ महिने होती. नियमाने १२५ येतात. फरक एका महिन्याचा. १९८८ साली योजना प्रथम निघाली तेव्हा रक्कम साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे. तेथे उलट भागाकार करवून घ्यावा : ७२ ला ५.५ ने भागल्यास दर सुमारे १३.१ टक्के येतो. खरा दर १३.४ होता. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू दर टपाल कार्यालयातून विचारून आणण्याचे काम विद्यार्थ्यांना द्यावे.

चौथी पायरी : नियम कोठे लावू नये. व्याज मुद्दलात मिळत जाते तेथेच हा नियम चालतो. मासिक प्राप्ती योजनेत व्याज दरमहा उचलले जाते. तेथे मुद्दल आहे तेवढेच राहते. आवर्ती ठेवीत दरमहा नवी रक्कम भरली जाते. प्रत्येक हप्त्याची मुदत निराळी असल्याने एकूण भरण्याला हा नियम लावता येत नाही. सरळ व्याजासाठी ७२ च्या जागी १०० घ्यावेत.

पाचवी पायरी : दरमहाचा दर आणि दामदुपटीची आश्वासने. खेड्यात व्याजाचा दर पुष्कळदा ‘शेकडा दरमहा इतके रुपये’ असा बोलला जातो. दर महिन्याचा असल्यास उत्तरही महिन्यांत येते. शेकडा दोन रुपये दरमहा अशा कर्जाचे थकलेले व्याज दरमहा मुद्दलात चढविले, तर ७२ ला २ ने भागून ३६ महिने येतात. काटेकोर हिशोबाने ३५. म्हणजे तीन वर्षे पुरी होण्यापूर्वीच कर्ज दुप्पट झाले.

हाच भागाकार उलटा केला असता आश्वासनाची परीक्षा होते. “पैसे अठरा महिन्यांत दुप्पट” असे सांगणारा मनुष्य दर सांगत नाही. तो आपण काढावा. ७२ ला १८ ने भागल्यास ४ येतात, म्हणजे शेकडा चार रुपये दरमहा. किसान विकास पत्राच्या ११५ महिन्यांनी ७२ ला भागल्यास सुमारे ६३ पैसे येतात. काटेकोर हिशोबाने ६० पैसे. सरकार जेथे शेकडा साठ पैसे देते तेथे हा मनुष्य चार रुपये देऊ म्हणतो. ते देऊन व स्वतःचा खर्च काढून उरेल एवढी प्राप्ती दर महिन्यास कोणत्या धंद्यातून होते, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीच विचारावा. पुष्कळदा उत्तर एवढेच असते की, नव्या ठेवीदाराचे पैसे जुन्या ठेवीदारास दिले जातात, आणि नवे येईनासे झाले की सर्व थांबते. सुरुवातीचे काही हप्ते वेळेवर मिळाले हा योजना खरी असल्याचा पुरावा नव्हे. अशा परवानगीविना चालणाऱ्या ठेव योजनांना २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. तथापि बुडालेली रक्कम परत मिळविणे दीर्घ काळाचे काम ठरते. भागाकार पैसे देण्यापूर्वी करावयाचा असतो.

सरावासाठी उदाहरणे. पहिली तीन तोंडी सोडवून घ्यावीत.

१. बचत खात्यात ४ टक्के चक्रवाढ व्याज मिळते. रक्कम दुप्पट होण्यास किती वर्षे लागतील? (१८)

२. ९ टक्के दराने ५,००० रुपयांचे २०,००० रुपये केव्हा होतील? (दोनदा दुप्पट; ८ + ८ = १६ वर्षे. ‘चौपट म्हणजे ३२ वर्षे’ हे चुकीचे उत्तर येथे हमखास येते. त्याची चर्चा करावी.)

३. वस्तूंचे भाव दरसाल ६ टक्क्यांनी वाढत राहिल्यास आज १०० रुपयांस मिळणारी वस्तू २०० रुपयांस केव्हा होईल? (१२ वर्षांनी)

४. एका योजनेत पैसे दोन वर्षांत दुप्पट होतील असे सांगतात. शेकडा दरमहा दर काढा व त्याची टपाल कार्यालयाच्या चालू दराशी तुलना करून घरी सांगा. (शेकडा तीन रुपये)