बंद सर्व्हरचे दार किती वेळा ठोठावावे?

कारखान्यात मोटार जाम झाली की एमसीबी पडते. कोणी तरी जाऊन ती वर करीपर्यंत वीज थांबते आणि वायरिंग वाचते. हीच युक्ती संगणकाच्या कामालाही लावता येते. मायकेल नायगार्ड यांच्या २००७ सालच्या ‘रिलीज इट!’ या पुस्तकामुळे ती ‘सर्किट ब्रेकर’ या नावाने प्रोग्रामरांत रूढ झाली.

समजा, आपल्या दुकानातील संगणक दर ५ मिनिटांनी नवी बिले ठोक व्यापाऱ्याच्या सर्व्हरकडे पाठवतो. रात्री १० वाजता तो सर्व्हर बंद पडला आणि सकाळी ६ वाजता सुरू झाला. तेवढ्या ८ तासांत आपला संगणक ९६ वेळा दार ठोठावणार. अशी शेकडो दुकाने असतील तर धडपडत उठणारा सर्व्हर त्या गर्दीनेच पुन्हा बसतो.

ब्रेकरचा नियम असा ठेवू: लागोपाठ ३ फेऱ्या फसल्या की ३० मिनिटे थांबायचे. १०.००, १०.०५ आणि १०.१० च्या फेऱ्या फसल्या. आता १०.४० पर्यंत प्रयत्न नाही. १०.४० ला एकच बिल पाठवून पाहायचे. तेही फसले तर पुन्हा अर्धा तास. या हिशोबाने सकाळपर्यंत ९६ ऐवजी १८ प्रयत्न होतात. ६.१० ला ते एक बिल पोहोचले की गणती शून्यावर येते आणि बाकीची बिले थोडी थोडी करून जातात.

येथे एक गफलत हमखास होते. ठरलेल्या वेळी चालणारा प्रोग्राम प्रत्येक फेरीत नव्याने जन्मतो व संपतो. गणती त्याच्या स्मरणात ठेवली तर प्रत्येक फेरी ‘पहिलीच चूक’ म्हणणार आणि ब्रेकर कधीच पडणार नाही. म्हणून ही नोंद डिस्कवरील फाइलमध्ये हवी:

```
failures=3
open_until=22:40
```

प्रत्येक फेरीने प्रथम ही फाइल वाचावी. प्रत्यक्षात वेळेबरोबर तारीखही लिहावी, नाही तर मध्यरात्रीनंतर घोळ होतो.

नावानेही फसू नये. आपल्याकडे दुकान ‘उघडे’ म्हणजे धंदा चालू. विजेच्या भाषेत सर्किट ‘ओपन’ म्हणजे प्रवाह खंडित!

कोणती चूक मोजायची, हेही ठरवावे लागते. जोडणी झाली नाही, उत्तर वेळेत आले नाही किंवा `503` आले, तर मोजावी. `400` आले तर बहुधा आपले बिलच चुकीचे आहे. ते बाजूला काढून दुरुस्त करावे. एका खराब बिलापायी सगळी रांग अडवणे आम्हाला पटत नाही.

आणि ब्रेकर पडल्याची सूचना मालकाला एकदा तरी जायला हवी. नाही तर प्रोग्राम प्रत्येक फेरीत गुपचूप परततो, पडद्यावर सर्व ठीक दिसते आणि बिले मात्र दुकानातच साचत राहतात.