आपलं कोण वाजवतंय?

परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, लक्ष्मी रोडवर मी चार तास उभी होते, पण कुणाशी एक शब्द बोलले नाही." तेव्हापासून हे तुला लिहायचं मनात होतं. मी लग्न होऊन इचलकरंजीहून पुण्यात आले तेव्हा माझीही हीच गत होती. पहिल्या अनंत चतुर्दशीला मामंजींनी मला सोबत नेलं. शेजारच्या अनोळखी माणसांशी ते इतक्या सहज बोलत होते, की मला वाटलं हे सगळे ओळखीचेच असणार. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाले, "एकाचंही नाव मला ठाऊक नाही." मग दरवर्षी थोडं थोडं करून त्यांनी मला जे शिकवलं, ते तुला सांगते.

आधी जागा. बेलबाग चौकात उभी राहू नकोस. मंडईतून आलेली मिरवणूक तिथं लक्ष्मी रोडला वळते, त्यामुळे रेटारेटी फार असते आणि शेजारी माणूस टिकत नाही. अलका टॉकीजच्या चौकातही सगळे माना उंच करून उभे असतात. बोलायला बरी जागा म्हणजे मधला टप्पा, कुंटे चौक ते विजय टॉकीज. तिथली दुकानं त्या दिवशी बंद असतात आणि त्यांच्या पायऱ्यांवर माणसं दुपारपासून बसलेली असतात. बसलेला माणूस बोलतो. पायरी मिळाली, की शेजारीण दोन-तीन तासांसाठी पक्की झाली म्हणून समज.

आता पहिला प्रश्न. तू विचारशील "तुम्ही कुठले?" तो विचारू नकोस. आपल्याकडे गावावरून आडनावाकडे आणि आडनावावरून जातीकडे जायला दोन वाक्यं पुरतात, आणि समोरच्यालाही ते कळत असतं. तो सावध होतो. मामंजी कुणालाही विचारायचे ते एवढंच: "तुळशीबाग गेला का?" बस. उशिरा आलेल्या प्रत्येकाला हे खरंच जाणून घ्यायचं असतं, म्हणून प्रश्न कुणाला खटकत नाही. उत्तर शेजाऱ्याला बहुतेक ठाऊक असतं, आणि आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट सांगायला माणसाला आवडतं. त्यासाठी मानाच्या पाचांचा क्रम तोंडपाठ ठेव: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. पहिले दोन पालखीत येतात, तुळशीबागेची मूर्ती उंच, आणि गुरुजी तालमीच्या मिरवणुकीतून आलेला माणूस डोक्यापासून पायापर्यंत गुलालानं माखलेला असतो. असा गुलाबी झालेला कुणी शेजारी येऊन उभा राहिला, तर "गुरुजी तालीम कुठवर आलीय?" हे त्यालाच विचारायचं.

उत्तर मिळालं, की लगेच दुसरा प्रश्न टाकू नकोस. तुझ्याकडची एक बातमी दे. "मी आले तेव्हा सोन्या मारुती चौकात फार गर्दी होती," एवढी पुरे. नुसतेच प्रश्न आले तर माणसाला चौकशी केल्यासारखं वाटतं. त्यानं सांगितलं, तू सांगितलंस, की पुढचं वाक्य तो आपणहून बोलतो. आणि बोलताना दोघांचीही नजर रस्त्यावरच असू दे. तोंडाकडे बघत राहिलं की उत्तर देण्याचं ओझं वाटतं. शेजारीशेजारी बसून पुढं बघत बोललं, की मधेच गप्प राहिलं तरी कुणाला अवघडत नाही.

पण सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती वेळेची. ढोल वाजत असताना बोलायचं नाही. ध्वज घेतलेली मुलं पुढं आली, रांगा लागल्या, ताशाची तर्री सुरू झाली, की तोंड मिटायचं. कानाशी ओरडून बोलणाऱ्याचा माणसाला त्रासच होतो. त्या वेळात फार तर एकमेकींकडे बघून मान डोलवायची. आणि मूर्ती समोर आली, की शेजारणीचे हात जोडलेले असतात, तेव्हा तर अजिबातच नाही. मूर्ती पुढं सरकली आणि शेजारणीनं डोळे पुसले किंवा पदर सारखा केला, मग बोलायला हरकत नाही.

बोलायची खरी वेळ म्हणजे मधली पोकळी. पुढचं पथक अडलं, की मागच्यालाही थांबावं लागतं. मुलं ढोल खाली टेकवतात, पाणी पितात, कुणी सैल झालेला ढोल पुन्हा ताणून घेतं. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. हल्ली मिरवणूक तीस तासांच्या आसपास चालते, तेव्हा अशा पोकळ्या भरपूर मिळतात. बरेच लोक त्या वेळात वैतागून मोबाइल काढतात. तू काढू नकोस, आजूबाजूला बघ.

काय बघायचं तेही सांगते. पथक थांबलं की प्रेक्षकांत एखादी बाई दिसेल, जिच्या हातात मोठी पिशवी असते, पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, एक टॉवेल, कधी चपलांचा एक जास्तीचा जोड. ती पालखीकडे बघत नसते, एकाच रांगेकडे बघत असते. ती वाजवणाऱ्याची आई. तिला विचारायचं, "आपलं कोण वाजवतंय?" मला इतक्या वर्षांत याच्याइतका चांगला प्रश्न सापडलेला नाही.

दोन वर्षांपूर्वीचंच सांगते. विजय टॉकीजच्या अलीकडे पायरीवर मी बसले होते, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान असेल अशी एक बाई अशीच पिशवी घेऊन कठड्याला टेकून उभी. ढोल थांबले तसं मी विचारलं. ती एकदम वळली. "मुलगी. तिसऱ्या रांगेत, डावीकडून दुसरी." मी म्हटलं, "बोटांना चिकटपट्टी लावलीय ती?" "सगळ्यांनीच लावलीय हो," ती हसली आणि पायरीवर येऊन बसली. मग तिनंच सांगितलं, की जुलैपासून रोज संध्याकाळी नदीपात्रात सराव. पहिल्या आठवड्यात हाताला फोड आले, कमरेला ढोलाच्या दोरीचे वळ उठले, आणि पोरीनं घरी कळू नये म्हणून लांब बाह्यांचा सदरा घालायला सुरुवात केली. मी विचारलं, "आत्ता वाजला तो कुठला हात?" पथकातली मुलं ठेक्याला 'हात' म्हणतात, पहिला हात, दुसरा हात. तिनं दोन महिने घरी पोरीला पोळपाटावर तेच वाजवताना ऐकलं होतं, त्यामुळे तिनं पायरीवर बोटांनी वाजवून दाखवला. मग मी तिला माझ्याकडची गोष्ट सांगितली: माझ्या तरुणपणी इतक्या मुली ढोल वाजवताना मी कधी पाहिल्या नव्हत्या. आम्ही दोघींनी राजगिऱ्याचा लाडू अर्धा अर्धा खाल्ला. पथक हललं तशी ती पिशवी उचलून त्याच्या बाजूनं चालू लागली. नाव तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

वाजवणाऱ्या मुलांशी मात्र बोलायला जाऊ नकोस. ती दमलेली असतात, कानांत कापूस असतो, आणि रांग सोडू नये अशी त्यांना शिस्त असते. त्यांना पाणी हवं का विचारलंस तर ठीक, गप्पा नकोत.

चूक कुठं होते तेही ऐक. तक्रार हा सोपा विषय आहे: स्पीकरचा आवाज, डोळ्यांवर येणारे लेसरचे झोत, रेंगाळणारी मंडळं. त्यावर कुणीही मान हलवतं, म्हणून तिथूनच सुरुवात करावीशी वाटते. एका वर्षी मीही शेजारच्या गृहस्थांना म्हणाले, की या अमुक मंडळानं सगळ्यांचा खोळंबा केलाय. ते नुसते "हं" म्हणाले. थोड्या वेळानं त्यांच्या खिशावरचा बिल्ला मला दिसला. त्याच मंडळाचे ते जुने कार्यकर्ते होते. मला फार वाईट वाटलं. मी तसं बोलून दाखवलं आणि रथाची सजावट किती दिवस चालली होती ते विचारलं. बोलले ते, पण मोकळेपणा आला नाही. तेव्हापासून मी आधी बिल्ला, उपरणं, एकसारखे कुडते बघते. माणूस कुठल्या मंडळाचा हे कळेपर्यंत कुणालाही नावं ठेवायची नाहीत.

समोरच्याला बोलायचं नसेल तर तेही लगेच कळतं. उत्तर एका शब्दाचं येतं, उलट प्रश्न येत नाही, खांदा थोडा पलीकडे वळतो. दोनदा असं झालं की थांबायचं. त्याला राग आलेला नसतो, त्याला फक्त बघायचं असतं. आणि तू एकटी असशील तर आधी बायका किंवा मुलंबाळं असलेलं कुटुंब बघून त्यांच्याजवळ बस. "कुठं राहता?" असं कुणी विचारलंच, तर "नदीपलीकडे" म्हणायचं. पुण्यात तेवढं उत्तर पुरतं, आणि घराचा पत्ता कुणाला देण्याचं कारण नाही.

तुला क्रिकेटची आवड, म्हणून तिथलंही सांगते. मैदानात ढोलांच्या जागी चेंडू. गोलंदाज धावत निघाला की गप्प, षटक संपलं की दोन वाक्यं. "किती झाले?" हा तिथला "तुळशीबाग गेला का?" कसोटीला दिवसात नव्वद षटकं ठरलेली, म्हणजे बोलायला नव्वद जागा. वीस षटकांच्या सामन्यात मधे गाणी वाजतात, तिथं फारसं जमत नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत गहुंजेला पहिली कसोटी झाली, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, तेव्हा तुझ्या बाबांबरोबर मी दुसऱ्या दिवशी गेले होते. जेवणानंतर आपले तीन बाद ९४ होते, आणि सगळे १०५ ला गेले. अकरा धावांत सात गडी. शेजारी एक आजोबा वहीत धावा लिहीत होते. विकेट पडत असताना मी त्यांना काहीच विचारलं नाही, दुःखात माणसाला मत विचारू नये. डाव संपल्यावर त्यांनी वही मिटली, तेव्हा म्हटलं, "काल पण आला होतात का?" आले होते. पहिल्याच दिवशी खेळपट्टीवरून धूळ कशी उडत होती, ते त्यांनी मला पुढची दहा मिनिटं हातानं करून दाखवलं. "काय हो हे, असं कसं झालं?" असं विचारलं असतं तर ते नुसते हळहळले असते. काल काय पाहिलं हे विचारल्यावर मात्र त्यांच्याकडे सांगायला खूप होतं.

निघताना फार काही बोलावं लागत नाही. फोन नंबर मागू नकोस, पुन्हा भेटू म्हणू नकोस. "येते हं, बाप्पा मोरया," म्हणायचं आणि आपली पायरी उभं असलेल्या कुणाला तरी द्यायची.

या वर्षी मी दोनच्या सुमाराला विजय टॉकीजच्या अलीकडच्या त्याच पायरीवर असेन. तू बेलबागेकडून चालत ये, म्हणजे तुझ्याजवळ द्यायला बातमी असेल. पाण्याच्या दोन बाटल्या घे, आणि आल्यावर माझ्याशेजारी बसू नकोस, एक माणूस सोडून बस.