न आखलेली चौकटही शिकवते

डाळिंबाच्या झाडावरची फळं फोटोतून मोजणारं छोटं मॉडेल बनवायचं, हा माझा पहिलाच प्रकल्प. मोबाइलवर ४०० फोटो काढले, `LabelImg` उघडलं आणि फळांभोवती चौकटी आखत सुटलो. आठवड्यात काम उरकलं. मॉडेल शिकवल्यावर मात्र ते डोळ्यांना स्पष्ट दिसणारी फळंही सोडून देऊ लागलं. मी फेऱ्या वाढवल्या, मोठं मॉडेल घेतलं. फरक पडला नाही.

शेवटी तपासणीसाठी बाजूला ठेवलेले फोटो एकेक करून उघडले. जिथे मॉडेलने ‘चुकून’ फळ दाखवलं अशी नोंद होती, तिथे बऱ्याचदा खरंच फळ होतं. चौकट आखायची माझ्याकडूनच राहिली होती. पानांआडची, मागच्या फांदीवरची फळं मी कंटाळून सोडली होती. मला वाटलं, सोडलेलं फळ मोजणीत येणार नाही, एवढंच. पण चौकटीबाहेरचं सगळं मॉडेलच्या लेखी पार्श्वभूमी असतं. सोडलेलं प्रत्येक फळ त्याला सांगत होतं, ‘हे डाळिंब नव्हे.’ म्हणून फोटो घेतला की त्यातलं ओळखू येणारं प्रत्येक फळ आखा. तेवढा वेळ नसेल तर फोटो कमी घ्या, पण अर्धवट आखू नका.

दुसरी चूक नियमाची. पानाने अर्धं झाकलेलं फळ पहिल्या दिवशी मी अंदाजाने पूर्ण आखलं, चौथ्या दिवशी दिसेल तेवढंच. दोन्ही पद्धती चालतात, मिसळलेल्या चालत नाहीत. सुरुवातीलाच नियम कागदावर लिहा. पहिल्या दिवशीचे २० फोटो आठवड्याने जुन्या चौकटी न बघता पुन्हा आखा. दोन्ही वेळच्या चौकटी जुळल्या नाहीत, तर नियम अजून पक्का झालेला नाही.

तिसरी चूक सैल चौकटींची. १०० पिक्सेल रुंद-उंच फळाभोवती चारही बाजूंना ५ पिक्सेल जादा सुटले, तर नेमकी चौकट सैल चौकटीचा सुमारे ८३ टक्के भाग व्यापते. तेवढं खपतं. पण दूरचं फळ २० पिक्सेलचंच असेल, तर चौकट ३० बाय ३० होते. म्हणजे ९०० पैकी ४०० पिक्सेल, जेमतेम ४४ टक्के. तपासताना निदान ५० टक्के जुळणी धरण्याची पद्धत आहे. फळ अचूक पकडूनही मॉडेल तिथे नापास ठरतं. लहान फळ आखताना फोटो मोठा करून घ्या आणि चौकट फळाच्या कडेला टेकवा.

आता मी आधी ५० फोटोच आखतो, मॉडेल शिकवतो आणि त्याच्या ‘चुका’ उघडून बघतो. त्यातल्या माझ्या किती, हे कळल्याशिवाय एकावन्नावा फोटो घेत नाही.