टीएसएच नॉर्मल, तरी थायरॉइड कमी

थायरॉइडचा रिपोर्ट हाती आला की आम्ही आधी टीएसएच पाहतो. हा पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम. गळ्यातली ग्रंथी मंदावली की टीएसएच वाढतं, टी-४ घटतं; ती जोरात चालली की उलट.

डॉक्टरकीच्या परीक्षेत फसवणारी केस अशी. समजा, पातूरची पस्तिशीची बाई अकोल्याला तपासायला आली. थकवा, सारखी थंडी. टीएसएच २.१, म्हणजे नॉर्मल. फ्री टी-४ मात्र ०.५, किमान ०.८ हवं. एवढं घटल्यावर टीएसएच खूप वाढायला हवं होतं. वाढलं नाही, म्हणजे दोष गळ्यात नाही, पिट्युटरीत. फक्त टीएसएच केलं असतं तर हे दिसलंच नसतं.

आता बाळंतपणाचं विचारा. दहा वर्षांमागची गोष्ट बाई आपणहून सांगत नाही. तेव्हा खूप रक्त गेलं, अंगावर दूध आलं नाही, पाळीही परतली नाही. हा शीहान सिंड्रोम.

इथं थायरॉक्सिन आधी दिलं तर जिवावर बेतू शकतं. आधी कॉर्टिसॉल तपासायचं, कमी असेल तर हायड्रोकॉर्टिसोन द्यायचं, मग थायरॉक्सिन. पुढचा डोसही फ्री टी-४ पाहून ठरतो, टीएसएच पाहून नाही.