जादा सिलिंडर: किती, कुठे आणि कितीला

डिसेंबर २०१५ मध्ये कांदिवली पूर्वेच्या दामूनगर झोपडपट्टीला आग लागली. शेकडो झोपड्या जळाल्या, दोन जीव गेले आणि आग पसरत असताना घराघरातले गॅसचे सिलिंडर एकामागून एक फुटत राहिले. दाट वस्तीतल्या आगींत हे वारंवार दिसतं. गळतीमुळे लागणारी आग हा आपला सगळ्यांचा ओळखीचा धोका आहे. इथला प्रकार वेगळा असतो: आग दुसऱ्याच कशाने तरी लागते, आणि नीट बंद केलेला, न गळणारा सिलिंडर तिच्या तडाख्यात सापडतो. म्हणून दुसरा सिलिंडर घेताना, किंवा असलेला ठेवताना, आधी हा प्रकार समजून घेतलेला बरा. पैशांचा हिशेबही त्यानंतरच नीट मांडता येतो.

घरगुती सिलिंडरची पाण्याची धारणक्षमता साधारण ३३ लिटर असते आणि त्यात १४.२ किलो गॅस भरतात. हा गॅस आत द्रवरूपात असतो आणि भरलेल्या टाकीचा अंदाजे चार-पंचमांश भाग व्यापतो. वरची जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते, कारण तापलं की हा द्रव पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो. लहान टाक्यांत चोरून गॅस भरून देणारे ही मोकळी जागा पाळत नाहीत. तसली टाकी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, एवढं एकच कारण त्यासाठी पुरेसं आहे.

उन्हात ठेवलेला सिलिंडर फुटेल का, हे लोक हमखास विचारतात. चांगल्या स्थितीतला, बरोबर भरलेला सिलिंडर नुसत्या उन्हाने फुटत नाही. भारतीय मानकानुसार ४० अंशांना आतला दाब १०५० किलोपास्कलच्या, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेदहा किलोच्या आसपासच्या मर्यादेत असावा लागतो. टाकीची चाचणी मात्र २५ किलोच्या दाबाला घेतलेली असते, आणि फुटण्याची मर्यादा त्याहून बरीच वर असते. तरीही टाकी उन्हात ठेवू नये हे खरंच, पण उन्हाची भीती बाळगून ती जिन्याखालच्या अंधाऱ्या कोनाड्यात रद्दीशेजारी ठेवणं जास्त धोक्याचं.

आगीत वेगळं काय होतं? ज्वाळा टाकीच्या खालच्या भागाला लागल्या तर आतला द्रव उकळतो आणि पत्र्याची उष्णता ओढून घेतो, त्यामुळे तिथला पत्रा फारसा तापत नाही. वरच्या भागात आतून नुसती वाफ असते. वाफेला उष्णता ओढून घेणं जमत नाही, म्हणून तिथला पत्रा भराभर तापतो. सहाशे अंशांच्या पुढे पोलादाची ताकद निम्म्याहून कमी होते, आणि घरातली भडकलेली आग त्यापेक्षा सहज जास्त गरम असते. एकीकडे उकळत्या द्रवामुळे आतला दाब चढत जातो, दुसरीकडे तो पेलणारा अडीच-तीन मिलिमीटरचा पत्रा मऊ पडत जातो. पत्रा एका जागी फुगतो, पातळ होतो आणि उभा फाटतो. म्हणजे चाचणीच्या दाबापेक्षा कमी दाबालाही टाकी फुटू शकते, कारण ती चाचणी थंड पोलादावर झालेली असते.

फाटल्यावर जे होतं तेच खरं संहारक. दाबाखाली द्रव राहिलेला गॅस बाहेरच्या हवेत द्रव राहूच शकत नाही. दाब गेला की त्याचा मोठा भाग क्षणात उकळून वाफ होतो. एक लिटर द्रवापासून सुमारे अडीचशे लिटर वाफ होते. आजूबाजूला आग असतेच, त्यामुळे ही वाफ आगीचा गोळा होऊन पेटते. अग्निशमनातली माणसं याला ब्लीव्ही म्हणतात. पूर्ण भरलेल्या १४.२ किलोच्या टाकीचा गोळा प्रचलित सूत्राने मोजला तर सुमारे १४ मीटर व्यासाचा भरतो, आणि तो जेमतेम सेकंदभर टिकतो. चाळीतल्या खोल्या आणि मधला व्हरांडा त्यात सहज सामावतात. पत्र्याचे तुकडे मात्र गोळ्याच्या कितीतरी पलीकडे, शंभर मीटरपर्यंतही जाऊ शकतात.

प्रेशर कुकरला शिट्टी असते, तिने काम केलं नाही तर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आपल्या घरगुती सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये दाब वाढल्यावर गॅस आपोआप सोडणारी अशी सोय सहसा नसते. अमेरिकेत शेगडीसाठी वापरतात त्या छोट्या टाक्यांना ती असते. तिथेही ज्वाळा थेट वरच्या पत्र्यावर आल्या तर ती टाकीला वाचवेलच असं नाही. थोडा वेळ मिळतो, इतकंच.

यातून दोन गैरसमज दूर होतात. एक, संपत आलेली टाकी निर्धोक असते हा. तिच्यात द्रव कमी, म्हणजे थंड राहणारा पत्रा कमी आणि तापणारा जास्त. गोळा लहान होईल, पण फुटायला ती मागे राहणार नाही. दुसरा, पेटलेल्या घरात टाकी बाहेर काढायला वेळ असतो हा. ज्वाळांनी वेढलेली टाकी काही मिनिटांत फुटू शकते. शेगडीच्या नळीशी छोटी ज्योत दिसली आणि हात पोचत असेल तर रेग्युलेटर बंद करा. पण टाकीच्या वरच्या अंगाचा रंग फुगून सुटायला लागला असेल, किंवा शेजारच्या वस्तू पेटून ज्वाळा टाकीला लागत असतील, तर तिच्या जवळ जाऊ नका. घर रिकामं करा, १०१ ला फोन करा आणि आत किती सिलिंडर कुठे आहेत हे जवानांना आधी सांगा. त्यांना पाणी नेमकं कुठे मारायचं, आडोसा कुठे घ्यायचा, हे त्यावर ठरतं.

आता जागा. वापरातली टाकी स्वयंपाकघरात उभी, शेगडीच्या पातळीखाली, आणि जादा टाकी तिच्या शेजारी नको. एका टाकीच्या व्हॉल्व्हपाशी पेटलेली ज्योत शेजारच्या टाकीच्या वरच्या पत्र्यावर रोखली गेली तर ती ब्लीव्हीची सर्वांत सोपी वाट आहे. मधे विटांची भिंत असेल तर उत्तम. जिन्याखाली, दाराजवळ, व्हरांड्याच्या एकमेव वाटेवर ठेवू नका, कारण आगीत तीच सुटकेची वाट असते. वीजमीटरच्या पेटीखाली, कपडे-रद्दी भरलेल्या माळ्याखाली किंवा बंद कपाटात तर नाहीच. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत हवा खेळती हवी. तळघर त्यासाठी बाद. जादा टाकीच्या व्हॉल्व्हवर दोरीने बांधलेली सेफ्टी कॅप घट्ट बसवलेली असावी आणि टाकी उभीच ठेवावी. आडव्या टाकीत द्रव व्हॉल्व्हपर्यंत येऊ शकतो.

आता पैशांकडे. एका जोडणीवर घरात जास्तीत जास्त दोन टाक्या ठेवता येतात. जून २०२२ पासून १४.२ किलोच्या टाकीची अनामत २,२०० रुपये, ५ किलोच्या टाकीची १,१५० आणि रेग्युलेटरची २५० रुपये झाली. मुंबईत घरगुती रिफिल एप्रिल २०२५ मध्ये ८५२ रुपये ५० पैशांना गेला. म्हणजे त्या दराने दुसऱ्या भरलेल्या टाकीसाठी सुमारे ३,०५० रुपये गुंतत. त्यातली अनामत टाकी परत केल्यावर मिळते, पण तुमच्या जुन्या पावतीवर जेवढी असेल तेवढीच. तुमच्याकडे नोंदणीनंतर एक-दोन दिवसांत टाकी येत असेल आणि घर दोन खोल्यांचं असेल, तर माझ्या मते दुसरी टाकी परत करावी. अडीनडीला ५ किलोची छोटी पुरते. तिचा गोळाही त्याच सूत्राने सुमारे १० मीटरचा भरतो, म्हणजे तीसुद्धा खेळणं नव्हे.

फायबरची, म्हणजे कॉम्पोझिट टाकी हा तिसरा पर्याय. काचतंतू आणि रेझिनची तिची भिंत आगीत जळत सच्छिद्र होते, त्यातून गॅस झिरपून जळून जातो आणि पत्र्यासारखा एकदम फाटण्याचा प्रकार सहसा टळतो. २०२१ मध्ये ती आली तेव्हा १० किलोच्या टाकीची अनामत ३,३५० रुपये होती. जुनी पोलादी टाकी देऊन फक्त अनामतीतला फरक भरता येतो: पावतीवर १,४५० असतील तर १,९०० रुपये. ती तुमच्या गावात मिळते का आणि आजची अनामत किती, हे मात्र वितरकाकडून लेखी घ्या.

सर्वांत महाग पडतो तो विम्याचा गैरसमज. तेल कंपन्यांच्या सामूहिक विम्यात ग्राहकाला हप्ता नाही. मृत्यूसाठी माणशी ६ लाख, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत आणि नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेसाठी घटनेमागे २ लाखांपर्यंत भरपाई आहे. पण अट अशी, की आगीचं मूळ कारण गॅस असला पाहिजे. मीटरपेटीतून आग लागली आणि त्यात तुमची टाकी फुटली, तर हा विमा लागू होत नाही. म्हणजे या लेखात ज्या प्रकाराबद्दल बोलतो आहोत, नेमका तोच त्यातून सुटतो. घराच्या आगविम्यात तो बसतो. एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते आणि तिच्यात आग व स्फोट दोन्ही येतात. इमारतीचा विमा काढला तर सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. भाडेकरूने फक्त सामानाचा विमा मागावा आणि दोन-तीन कंपन्यांचे हप्ते पडताळून पाहावेत.

खानावळवाल्यांसाठी एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. परवान्याशिवाय एका जागी १०० किलोपर्यंत एलपीजी ठेवता येतो. १९ किलोच्या पाच टाक्या ९५ किलो होतात. सहावी आली की मर्यादा ओलांडली. ही परवान्याची मर्यादा आहे, भट्टीमागच्या अरुंद गल्लीत पाच टाक्या खेटून उभ्या करण्याची मुभा नव्हे. मॅनिफोल्ड इमारतीबाहेर, भट्टीपासून दूर काढून पाइपने गॅस आत आणण्याचं दरपत्रक मागाल, तेव्हा त्यात दाबचाचणी आणि बाहेरचा बंद करण्याचा व्हॉल्व्ह लिहिलेला आहे का ते पाहा. हे दोन वगळूनच दर कमी दाखवले जातात.

आगीतून न फुटता वाचलेली टाकी पुन्हा वापरू नका, ती बाहेरून ठीक दिसली तरी. तापून थंड झालेल्या पत्र्याची मूळची ताकद राहिली आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. तिला न हलवता १९०६ वर कळवा, वितरकाला लेखी द्या आणि पोच घ्या. अग्निशमन दलाचा अहवाल, पंचनामा, गॅसजोडणीची पावती आणि नळी-रेग्युलेटरची बिलं एकत्र ठेवा. दाव्याच्या वेळी आग कुठून सुरू झाली हाच पहिला प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर त्या अहवालातच असतं.